फाइल उतरते, नाव हरवते

एखाद्या संस्थेने आपल्या संकेतस्थळावर ‘निवड यादी.pdf’ नावाची फाइल ठेवली आहे, असे समजू. यादी मराठीत, नाव मराठीत, दोन शब्दांच्या मधे एक साधी मोकळी जागा. डाउनलोडचे बटण दाबल्यावर संगणकाच्या फोल्डरमध्ये याच नावाची फाइल दिसायला हवी. प्रत्यक्षात संकेतस्थळ कसे बनवले आहे त्यावर पुढचे सगळे ठरते. एका ठिकाणी फाइल `à¤¨à¤¿à¤µà¤¡` अशा अगम्य अक्षरांत उतरते. दुसऱ्या ठिकाणी नुसती `निवड` एवढ्याच नावाची, पुढचे `.pdf` गायब असलेली फाइल येते आणि ती कशाने उघडायची असे विंडोज विचारत राहते. तिसरीकडे नावात `%E0%A4%A8` असे टक्क्यांचे रान माजते, चौथीकडे `निवड+यादी.pdf` असे अधिकचे चिन्ह चिकटते. आणि पाचवीकडे फाइल उतरतच नाही. सर्व्हरमध्ये बिघाड झाल्याचे पान समोर येते. गंमत म्हणजे, त्याच संकेतस्थळावरची `list.pdf` मात्र पहिल्या फटक्यात उतरते.

लोक मग आपापल्या परीने अर्थ लावतात. कुणाला व्हायरस वाटतो, कुणी मराठी फाँट टाकायला धावतो, कुणी फाइलच बिघडली म्हणून संस्थेला फोन करतो. तिकडून ठरलेले उत्तर येते : फाइलचे नाव इंग्रजीत द्या आणि मधे स्पेस सोडू नका. हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यासारखा दिला जातो आणि लोक तो निमूटपणे पाळतातही. पण वर सांगितलेल्या पाचही प्रकारांत फाइल शाबूत असते, फाँटचा काही संबंध नसतो आणि मराठी नावातही काही चूक नसते. चूक असते ती सर्व्हरने पाठवलेल्या एका ओळीत. ती ओळ नीट लिहिण्याची रीत २०११ सालापासून ठरलेली आहे.

ही ओळ वापरणाऱ्याला दिसत नाही. ब्राउझर सर्व्हरकडे फाइल मागतो तेव्हा सर्व्हर आधी काही सूचना पाठवतो आणि मग फाइलचा मजकूर. या सूचनांना हेडर म्हणतात. फाइल कोणत्या प्रकारची आहे, केवढी आहे हे त्यांत असते. त्यांतल्याच एका हेडरचे नाव `Content-Disposition`. आलेला मजकूर पडद्यावर दाखवायचा की फाइल म्हणून जपून ठेवायचा आणि ठेवायचा तर कोणत्या नावाने, हे हा हेडर सांगतो. तो नसेल तर ब्राउझर पत्त्याचा शेवटचा तुकडा नाव म्हणून उचलतो. म्हणूनच काही ठिकाणांहून उतरवलेल्या फाइलींची नावे `download` किंवा `getfile` अशी येतात.

घाईत काम करणारा प्रोग्रामर ही ओळ बहुधा अशी लिहितो :

```
Content-Disposition: attachment; filename=निवड यादी.pdf
```

वाचायला ही ओळ अगदी सरळ आहे. तिच्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशेने फाइलच्या नावावर येतात.

पहिली चूक मोकळ्या जागेची. हेडरमधल्या किमतीत मोकळी जागा असेल तर ती किंमत दुहेरी अवतरणचिन्हांत घालावी लागते. अवतरण नसेल तर नियमाप्रमाणे किंमत पहिल्या मोकळ्या जागेपाशी संपते. फायरफॉक्स हा नियम अनेक वर्षे काटेकोरपणे पाळत आला. त्यामुळे त्याच्या लेखी नाव होते फक्त `निवड`. उरलेले `यादी.pdf` त्याने सोडून दिले. क्रोम अशा वेळी सैल वागतो आणि पुढचेही नाव घेतो. ज्याने हे संकेतस्थळ बनवले त्याच्या संगणकावर क्रोम असेल तर त्याला आपली चूक कधी दिसतच नाही. ती दिसते दुसऱ्या ब्राउझरवरच्या माणसाला, आणि त्याचे सांगणे ‘आमच्याकडे तर चालते’ या वाक्याने परतवले जाते. अशी अर्धवट नावाची फाइल हाती आली तर तिच्या नावापुढे `.pdf` लिहून पाहावे. फाइल उघडते, कारण आतला मजकूर पूर्ण आलेला असतो.

दुसरी चूक लिपीची आणि ती समजून घ्यायला थोडे खोलात जावे लागते. संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. आज जवळपास सगळीकडे वापरली जाणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. इथे चिन्ह म्हणजे अक्षर किंवा मात्रा. ‘निवड’ या शब्दात न, वेलांटी, व आणि ड अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. त्यांतल्या ‘न’चे तीन बाइट असे लिहितात : `E0 A4 A8`.

आता हे हेडर ज्या काळात ठरले तो काळ पाहा. `Content-Disposition` मुळात वेबचा नव्हेच. तो ई-मेलच्या जोडपत्रांसाठी नव्वदच्या दशकात तयार झाला आणि तिथून वेबवर उसना आला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या मानकात तर असे स्पष्ट म्हटले होते की हा हेडर मानकाचा भाग नाही, पण तो सर्रास वापरात असल्याने त्याची नोंद घेतली आहे. त्याच मानकात हेडरमधला मजकूर आयएसओ-८८५९-१ या कोष्टकाप्रमाणे वाचायचा असे धरलेले होते. हे कोष्टक पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीचे. त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, फ्रेंचचे à आहे, जर्मनचे ü आहे. देवनागरीला त्यात जागाच नाही.

या कोष्टकाने ‘न’चे तीन बाइट वाचले की काय होते पाहा. `E0` म्हणजे à, `A4` म्हणजे ¤, `A8` म्हणजे ¨. एका ‘न’ची तीन अक्षरे झाली, `à¤¨`. पुढे वेलांटी, व, ड यांचेही असेच होते आणि `à¤¨à¤¿à¤µà¤¡` तयार होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची सुरुवात `E0 A4` किंवा `E0 A5` अशीच होते. म्हणून बिघडलेल्या मराठी नावात `à¤` आणि `à¥` या जोड्या पुन्हा पुन्हा येतात. एवढी खूण ओळखता आली की पुढचे निदान झालेच : मूळ बाइट व्यवस्थित आलेले आहेत, फक्त वाचणाऱ्याने चुकीचे कोष्टक हाती धरले आहे.

बरेच ब्राउझर इथेही सांभाळून घेतात. क्रोम हेडरमधले असे बाइट तपासतो आणि ते यूटीएफ-८ च्या घडणीत बसत असतील तर तसेच वाचतो. पण हा ब्राउझरचा मनाचा मोठेपणा झाला, तो हक्काने मागता येत नाही. डाउनलोड मॅनेजर, मोबाइलवरची अॅप, सर्व्हरशी बोलणारे दुसरे सर्व्हर आणि खुद्द पानातली जावास्क्रिप्ट यांच्याकडून तशी हमी नाही. जावास्क्रिप्टला तर हेडर वाचताना प्रत्येक बाइट हे स्वतंत्र अक्षर म्हणूनच मिळते. म्हणजे तेच संकेतस्थळ थेट दुव्याने उघडले तर नाव नीट येते आणि त्याच्याच अॅपमधून उतरवले तर गिचमिड होते.

याहून वाईट प्रकार सर्व्हरच्या बाजूला घडतो. काही सर्व्हर हेडर पाठवण्याआधीच त्याचे त्या जुन्या कोष्टकात रूपांतर करतात आणि जे चिन्ह कोष्टकात सापडत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकतात. ‘निवड यादी’चे `???? ????` होते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून ब्राउझर त्याची अधोरेषा करतो आणि फोल्डरमध्ये `____ ____.pdf` येऊन पडते. इथे मूळ बाइटच नष्ट झालेले असल्याने नाव परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. एखाद्याने अशा दहा फाइली उतरवल्या तर कोणत्या अधोरेषांत काय आहे हे प्रत्येक उघडूनच पाहावे लागते.

नोड या लोकप्रिय सर्व्हर-प्रणालीने तिसरी वाट धरली आहे. हेडरमध्ये असे चिन्ह दिसताच ती `ERR_INVALID_CHAR` अशी तक्रार करून थांबते. प्रोग्रामरने ही शक्यता धरलेली नसेल तर वापरणाऱ्याला सर्व्हर बिघडल्याचे पान दिसते. इंग्रजी नावाची फाइल उतरते, मराठी नावाची उतरत नाही, हा सुरुवातीला सांगितलेला पाचवा प्रकार इथून येतो. खरे तर तिघांत हाच बरा म्हणायचा. चूक लपत नाही, ज्याने केली त्याच्याच नोंदवहीत ती उमटते.

चूक कळल्यावर प्रोग्रामर जो पहिला उपाय करतो तोही बहुतेकदा अर्धाच असतो. पत्त्यांमध्ये मराठी अक्षरे कशी पाठवतात हे त्याला माहीत असते. प्रत्येक बाइटच्या आधी टक्क्याचे चिन्ह लावायचे. ‘न’ झाला `%E0%A4%A8` आणि मोकळी जागा झाली `%20`. म्हणून तो तेच इथे आणतो :

```
filename="%E0%A4%A8%E0%A4%BF%E0%A4%B5%E0%A4%A1%20..."
```

आता हेडरमध्ये फक्त निरुपद्रवी अक्षरे आहेत, सर्व्हरची तक्रार थांबते आणि क्रोममध्ये नावही बरोबर दिसते, कारण क्रोम हे टक्के उलगडून घेतो. पण साध्या `filename` मधले टक्के उलगडावेत असे मानकात कुठेही म्हटलेले नाही. फायरफॉक्सने ते जसेच्या तसे ठेवले आणि त्याचे वागणे नियमाला धरूनच होते. टक्क्यांचे रान माजलेल्या फाइली बहुतांशी या उपायातून जन्माला आलेल्या असतात.

अधिकचे चिन्हही याच घरातले. वेबवर टक्क्यांच्या लिखाणाच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. पत्त्यात मोकळी जागा `%20` अशी लिहितात. पण पानावरचा फॉर्म भरून पाठवला की त्यातली मोकळी जागा `+` होते. जावामधले `URLEncoder` हे साधन नावावरून पत्त्यांसाठीचे वाटते, प्रत्यक्षात ते फॉर्मच्या रीतीने काम करते. ते वापरून फाइलचे नाव तयार केले की मोकळ्या जागेचा `+` होतो आणि उलगडणारा त्याला खरोखरचे अधिकचिन्ह समजून जागच्या जागी ठेवतो. ‘निवड+यादी’ दिसले की मागे ही गफलत आहे असे खुशाल समजावे. उपाय एका ओळीचा आहे, तयार झालेल्या मजकुरातला `+` बदलून `%20` करायचा. नावात मुळातच अधिकचिन्ह असेल तर त्याचे आधीच `%2B` झालेले असते, त्यामुळे हा बदल निर्धास्त करता येतो.

आणि कधी कधी टक्के दोनदा लागतात. एका प्रोग्रामने नाव बांधून दिलेले असते, पुढच्याला ते ठाऊक नसते, तो पुन्हा बांधतो. टक्क्याच्या चिन्हाचे स्वतःचे रूप `%25` असल्याने `%E0` चे `%25E0` होते. नावात किंवा पत्त्यात `%25` पुन्हा पुन्हा दिसले तर काम दोन ठिकाणी झाले आहे, त्यांतले एक काढून टाकायचे.

मग बरोबर काय? ज्युलियन रेश्के यांनी लिहिलेली दोन मानके इथे महत्त्वाची आहेत. २०१० सालच्या आरएफसी ५९८७ ने हेडरमध्ये कोणत्याही लिपीतला मजकूर कसा लिहायचा ते ठरवले आणि जून २०११ च्या आरएफसी ६२६६ ने ते `Content-Disposition` ला लावून दाखवले. आपल्या फाइलसाठी ती ओळ अशी होते, फक्त इथे ती दोन तुकड्यांत मोडली आहे, प्रत्यक्षात एकाच ओळीत लिहायची :

```
Content-Disposition: attachment; filename="nivad-yadi.pdf";
 filename*=UTF-8''%E0%A4%A8%E0%A4%BF%E0%A4%B5%E0%A4%A1%20%E0%A4%AF%E0%A4%BE%E0%A4%A6%E0%A5%80.pdf
```

नाव दोनदा दिलेले आहे आणि ते मुद्दाम. पहिले `filename` साध्या रोमन अक्षरांत, अवतरणचिन्हांत. हे जुन्या किंवा अडाणी साधनांसाठी. दुसऱ्या नावापाशी तारा आहे, `filename*`. हा तारा ब्राउझरला सांगतो की पुढचा मजकूर नव्या रीतीने लिहिलेला आहे, तो उलगडून घे. ताऱ्याची रीत कळणारा ब्राउझर दुसरे नाव घेतो आणि पहिले सोडून देतो. ज्याला कळत नाही तो पहिल्यावर समाधान मानतो. साधे नाव आधी आणि ताऱ्याचे नंतर हा क्रम मानकानेच सुचवला आहे, कारण काही जुनी साधने ताऱ्याचे नाव आधी दिसले की अडखळत.

ताऱ्याच्या नावाचे व्याकरण मात्र सांभाळावे लागते. आधी लिपीच्या पद्धतीचे नाव, मग दोन एकेरी अवतरणचिन्हे, मग टक्क्यांतले नाव. त्या दोन एकेरी चिन्हांच्या मधे भाषेचा संकेत लिहिण्याची सोय आहे, बहुधा ती रिकामी ठेवतात. घाईत हाताने लिहिताना लोक तिथे एक दुहेरी अवतरणचिन्ह टाकतात, दिसायला ते सारखेच दिसते आणि सगळे बिनसते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सवयीने हे अख्खे नाव दुहेरी अवतरणात गुंडाळणे. ताऱ्याच्या नावाला अवतरण लागत नाही, चालतही नाही. तिसरी बारीकशी : जावास्क्रिप्टमधले `encodeURIComponent` कंस, तारा आणि एकेरी अवतरण यांना हात लावत नाही. या हेडरमध्ये त्यांनाही टक्क्यांत बदलायचे असते. ‘निवड यादी (2).pdf’ सारख्या नावात कंस येतातच.

ही सोय आजच्या सगळ्या प्रमुख ब्राउझरांना कळते. इंटरनेट एक्सप्लोररलाही ती नवव्या आवृत्तीपासून कळत होती आणि ती आवृत्ती २०११ मध्येच आली. तेव्हा जुन्या ब्राउझरसाठी मराठी नावे टाळतो, या सबबीत आता काही उरलेले नाही.

मुळात ही ओळ हाताने लिहायचीच गरज सहसा नसते. जँगोचे `FileResponse`, फ्लास्कचे `send_file`, एक्सप्रेसचे `res.download` ही तयार साधने नाव दिले की ताऱ्याची ओळ आपणहून बांधतात. स्प्रिंगमध्ये `ContentDisposition` ला नावाबरोबर यूटीएफ-८ सांगितले की झाले. सिम्फनी तर एक पाऊल पुढे जाते, साध्या नावात रोमनबाहेरचे अक्षर घातले तर ती कामच थांबवते आणि रोमन पर्याय मागते. बहुतेक बिघाड दिसतात ते जिथे कुणीतरी या साधनांना वळसा घालून दोन शब्द जोडून ओळ तयार केली आहे तिथे. त्या जोडाजोडीत आणखी एक धोका असतो. वापरणाऱ्याने दिलेल्या नावातच अवतरणचिन्ह असेल तर ते हेडरची घडी मोडते. म्हणून तयार साधन असताना हाताने ओळ जोडणे हे सोयीपेक्षा निष्काळजीपणाच जास्त.

हेडर बरोबर असूनही फसगत होते ती पानातल्या स्क्रिप्टमुळे. आजकाल अनेक संकेतस्थळे डाउनलोड ब्राउझरवर सोपवत नाहीत. पानातली स्क्रिप्ट फाइल मागवते, हेडरमधून नाव काढते आणि फाइल जपून ठेवायला सांगते. नाव काढण्यासाठी `filename=` च्या पुढचे सगळे उचलायचे, एवढाच विचार केलेला असतो. त्यात नावाभोवतीची अवतरणचिन्हेही येतात. विंडोजला नावात अवतरण चालत नाही, म्हणून ब्राउझर त्याची अधोरेषा करतो आणि फाइल येते `_nivad-yadi.pdf_` अशी. शेवटची अधोरेषा `.pdf` ला चिकटल्यामुळे विंडोज ही फाइल ओळखत नाही. फाइल उघडत नाही म्हणून हैराण झालेल्याने शेवटची अधोरेषा पुसली की ती उघडते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आधी ताऱ्याचे नाव शोधावे, ते `decodeURIComponent` ने उलगडावे आणि ते नसेल तरच साध्या नावाकडे वळावे. फाइल दुसऱ्या पत्त्यावरच्या सर्व्हरवरून येत असेल तर तिथून `Access-Control-Expose-Headers` या हेडरने परवानगी मिळाल्याशिवाय स्क्रिप्टला हे नाव दिसतच नाही.

आतापर्यंत उतरणाऱ्या फाइलचे झाले. दुव्यातल्या नावाची वेगळी रड आहे. व्हॉट्सअॅपवर मोकळ्या जागेसह दुवा चिकटवला की निळी रेघ पहिल्या जागेपाशी संपते आणि दाबणाऱ्याला पान सापडत नाही. हा अनुभव सर्वांचा आहे. मोकळ्या जागेचे `%20` केले की दुवा सलग होतो. पण मराठीपुरता एक पेच असा आहे की ज्याकडे बाहेरच्या प्रोग्रामरचे लक्ष जाणे अवघड.

‘दुसऱ्या सत्राचा निकाल.pdf’ हे नाव घ्या. ‘दुसऱ्या’मधला आडवा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टाइप होतो. एक रीत म्हणजे नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मग दोन अक्षरे जोडणारे एक अदृश्य चिन्ह आणि य. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर हे ठरते. पडद्यावर, कागदावर दोन्ही अगदी एकसारखी दिसतात. पण दुव्यात ती अशी होतात :

```
%E0%A4%B1%E0%A5%8D%E0%A4%AF
%E0%A4%B0%E0%A5%8D%E2%80%8D%E0%A4%AF
```

फाइलला नाव देणाऱ्याने एक रीत वापरली आणि दुवा तयार करणाऱ्याने नाव पाहून दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केले, तर सर्व्हरच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे. उत्तर येते : फाइल सापडली नाही. दोघांनीही शुद्धलेखन अचूक केलेले असते. नुक्त्याच्या ऱ चीही दोन रूपे आहेत, एक अखंड आणि एक र व नुक्ता वेगळे ठेवलेले. या दोन रूपांना एकत्र आणण्याची युनिकोडची ठरलेली प्रक्रिया आहे आणि सर्व्हरने फाइल घेतानाच ती चालवावी. पण अदृश्य चिन्हाचे रूप त्या प्रक्रियेतही वेगळेच राहते. म्हणून मराठी नाव पाहून दुवा कधीही हाताने टाइप करू नये, तो नेहमी कॉपी करावा. आणि संकेतस्थळ बनवणाऱ्याने तर दुव्यात मराठी नाव ठेवूच नये. दुव्यात क्रमांक असावा, मराठी नाव ताऱ्याच्या हेडरमधून द्यावे. दुवा छोटा राहतो, कुठे तुटत नाही आणि फाइल आपल्या नावानिशी उतरते.

महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णय यातले अर्धे काम कधीपासूनच करतात. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी त्याचा संकेतांक छापलेला असतो, आकड्यांचा आणि तारखेने सुरू होणारा. आकड्यांच्या नावाला कोणत्याही कोष्टकाची भीती नाही. पण तोच आकडा उतरलेल्या फाइलचेही नाव झाला की शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या फोल्डरमध्ये अशा तीस फाइली साठतात आणि रजेचा निर्णय कोणता, बदलीचा कोणता हे उघडल्याशिवाय कळत नाही. पत्त्यात संकेतांक आणि उतरलेल्या फाइलला विषयाचे छोटे मराठी नाव, हे दोन्ही एकाच वेळी देता येते.

छोटे म्हणण्याला कारण आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. देवनागरीत ती साधारण ८५ चिन्हांत संपते. सर्व्हरने नाव टक्क्यांच्या रूपातच साठवले तर एका चिन्हाला नऊ बाइट लागतात आणि जेमतेम २८ चिन्हे मावतात. शासन निर्णयाचा पूर्ण विषय त्यात बसणार नाही.

आपल्या संकेतस्थळावर नेमके काय चुकते आहे हे तपासायला फार काही लागत नाही. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ दाबून `Network` हा भाग उघडावा, डाउनलोडचे बटण दाबावे आणि त्या विनंतीच्या उत्तरातल्या हेडरांमध्ये `Content-Disposition` पाहावे. टर्मिनल वापरणाऱ्याला हेच एका आज्ञेने दिसते :

```
curl -s -D - -o /dev/null "https://example.org/file/42"
```

तारा दिसला, त्यापुढे `UTF-8''` दिसले आणि पुढे `%E0` ने सुरू होणारे नाव दिसले तर सर्व्हरची बाजू ठीक आहे. तारा नसेल तर चूक तिथेच. तपासणी मात्र एकाच ब्राउझरवर आटोपू नये, कारण वर पाहिल्याप्रमाणे क्रोम बऱ्याच चुका पोटात घालतो. निदान फायरफॉक्सवर आणि एका मोबाइलवर तीच फाइल उतरवून पाहावी.

शाळा, ग्रंथालये, पतसंस्था, नगरपालिका संकेतस्थळाचे काम बाहेर देतात तेव्हा करारात ‘मराठी भाषेची सोय’ असे मोघम लिहिले जाते आणि ते पानावरच्या मजकुरापुरते मानले जाते. त्याऐवजी काम ताब्यात घेण्याआधी ‘दुसऱ्या सत्राची निवड यादी (2).pdf’ या नावाची एक फाइल चढवावी आणि ती तीन ठिकाणी उतरवून पाहावी. या एका नावात मोकळी जागा आहे, देवनागरी आहे, कंस आहेत आणि पापणीचा र आहे. ती याच नावाने परत आली तरच काम पूर्ण झाले असे मानावे. आणि वाचकांपैकी कुणाला बिघडलेल्या नावाची फाइल मिळाली, तर तिला निमूटपणे नवे नाव देऊन पुढे जाऊ नये. नाव जसे आले तसे त्याचे चित्र काढून, ब्राउझरचे नाव लिहून संकेतस्थळ चालवणाऱ्याला पाठवावे. त्या चित्रावरून जाणकार माणसाला पहिल्याच नजरेत कळते की ओळीत काय चुकले आहे.